गावात दुकानासाठी डेस्कटॉप: ब्रँडेड घ्यावा की असेंबल करावा

प्रश्न: दादा, आमचं गाव दारव्हा तालुक्यात. गावात ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान टाकतोय, सोबत लग्नाचे फोटो अन् फ्लेक्सचं डिझाइन पण करीन. बजेट पंचेचाळीस हजार, मॉनिटर घरी आहे. ब्रँडेड तयार घेऊ का पार्ट मागवून स्वतः असेंबल करू? घरचे म्हणतात वॉरंटीवालं घे.

उत्तर:

वॉरंटी दोन्हीकडं असते भाऊ, पण बंद पडलेली मशीन दुकानात परत चालू व्हायला किती दिवस लागतात हे दोन्हीकडं सारखं नसते, अन् तुझ्यासाठी तेच महत्त्वाचं. फॉर्मची शेवटची तारीख असली अन् मशीन बंद, तं गिऱ्हाईक थांबत नाही, बसमध्ये बसून तालुक्याला जाते. मी इकडं कॉम्प्युटर दुरुस्तीचंच काम करतो, म्हणून त्याच बाजूनं सांगतो.

ब्रँडेडच्या डब्यावर वॉरंटी लिहिलेली असली तरी ती ऑनसाइट आहे का कॅरी-इन हे पाहा. ऑनसाइट म्हणजे त्यांचा माणूस तुझ्या दुकानात येईन, कॅरी-इन म्हणजे डबा उचलून तूच सर्व्हिस सेंटरला नेशील, म्हणजे यवतमाळ नाहीतर नागपूर. आणि ऑनसाइट असलं तरी पैसे द्यायच्या आधी कंपनीच्या नंबरवर फोन करून तुझ्या गावाचा पिनकोड सांग अन् विचार की इथं माणूस येतो का, किती दिवसात येतो. शहरात "दुसऱ्या दिवशी" म्हणतात ते खेड्यात तसंच होईन असं धरून चालू नको. पण एक गोष्ट ब्रँडेडमध्ये खरंच चांगली असते, काय बिघडलं ते शोधणं त्यांचं काम, तुझं नाही.

असेंबल मशीनमध्ये प्रत्येक पार्टची वॉरंटी वेगळी. डब्यातला प्रोसेसर 3 वर्षं, मदरबोर्ड बहुतेक 3, एसएसडी 3 ते 5. कागदावर ब्रँडेडच्या एका वर्षापेक्षा लय जास्त दिसते. पण समज सकाळी बटन दाबलं, पंखा फिरला अन् डिस्प्ले आलाच नाही. आता रॅम गेली का मदरबोर्ड का मशीनला वीज पुरवणारा डबा, म्हणजे एसएमपीएस? दुसरा पार्ट लावून पाहिल्याशिवाय सांगता येत नाही, अन् घरी तर दुसरा सेट नसतो. त्यात पार्ट ऑनलाइन वेगवेगळ्या विक्रेत्याकडून घेतले असले तर प्रत्येकाची तक्रार वेगळी, कुरियर वेगळं, अन् बोर्ड जाऊन परत यायला दोन-तीन आठवडे सहज लागतात. तेवढे दिवस दुकान बंद.

आता एसएमपीएसचं बोलतो, कारण आपल्या इकडं जून महिन्यातल्या विजा, लोडशेडिंगनंतर अचानक येणारी लाईट अन् रात्री मोटारपंप चालू झाले की खाली-वर होणारं व्होल्टेज, याचा पहिला मार तोच खातो. साध्या असेंबल मशीनचा एसएमपीएस स्टँडर्ड एटीएक्स असते, मदरबोर्डला जाणारं त्याचं मोठं कनेक्टर 24 पिनचं. असा एसएमपीएस दारव्ह्यात, दिग्रसला, कुठल्याही कॉम्प्युटरवाल्याकडं मिळून जाते, चार स्क्रू काढले की बदलला. पण बऱ्याच ब्रँडेड डेस्कटॉपमध्ये, खास करून बारक्या कॅबिनेटच्या, कंपनीनं स्वतःचंच लहान कनेक्टर दिलेलं असते अन् डब्याचा आकारही वेगळा.

माझ्याकडं असंच एक मशीन आलं होतं एका सेवा केंद्राचं, वॉरंटी संपून काही महिने झालेले. बिघाड फक्त एसएमपीएसचा, बाकी सगळं ठणठणीत. तालुक्यात तो पार्ट कोणाकडंच नाही, ऑनलाइन मिळाला तो जुन्या मशीनमधून काढलेला. कन्व्हर्टर केबल मिळतात, पण स्टँडर्ड डबा त्या कॅबिनेटमध्ये बसेना, शेवटी तो बाहेर टेबलावर ठेवून मशीन चालवली. पार्टचं स्वातंत्र्य म्हणतात ते गेमवाल्या पोरांपुरतं नसते, ते असं कामी पडते. स्टँडर्ड पार्ट असला म्हणजे दुकानदार स्वतःचा लावून पाहू शकते अन् बिघाड तासाभरात सापडते.

म्हणून तुझ्या बाबतीत माझं मत असं. नुसते फॉर्म, प्रिंट अन् स्कॅन असते तर मी म्हटलं असतं डोळे मिटून 3 वर्षं ऑनसाइटवालं ब्रँडेड घे, विंडोजही त्यात बहुतेक लायसन्सवालं येते, असेंबलमध्ये ते वेगळं विकत घ्यावं लागते. ते बजेटमध्ये धर बरं, लोकांचे आधार अन् बँकेचे कागद हाताळणार, तिथं क्रॅकवालं विंडोज अजिबात नको. पण तू फ्लेक्सचं काम करणार, त्या फाइली मोठ्या असतात, आज 16 जीबी रॅम पुरली तरी उद्या वाढवावी वाटेल, कदाचित ग्राफिक्स कार्डही. स्वस्त ब्रँडेडमध्ये 180 वॉटच्या आसपासचा एसएमपीएस असला तर मोठं कार्ड लावताच येत नाही. त्यामुळं तू असेंबल कर, पण पार्ट स्वतः मागवून नको. जिल्ह्याच्या ठिकाणी एका दुकानातून सगळे पार्ट घे अन् जोडणीही त्यालाच करू दे.

जोडणी अवघड नाही, व्हिडिओ पाहून पहिल्यांदा करणाऱ्यालाही अर्धा दिवस पुरते. पण सॉकेटमधली एक पिन वाकली की बोर्डची वॉरंटी गेली, अन् तो नुकसान तुझ्या अंगावर. दुकानदारानं जोडली अन् तुझ्यासमोर चालू करून दाखवली तर ती जबाबदारी त्याची राहते. थोडे पैसे जास्त लागतीन, लागू दे. बदल्यात एवढंच ठरवून घे की पार्ट बिघडला तर कंपनीकडं पाठवायचं काम तो करीन, आणि जमलं तर तोपर्यंत वापरायला जुना पार्ट देईन.

प्रोसेसर घेताना मॉडेलच्या शेवटी F नको, जसं i5-12400F. त्यात अंगचं ग्राफिक्स नसते, थोडे पैसे वाचतात पण मग कार्ड लावावंच लागते, अन् उद्या ते कार्ड जळालं तर मशीन अंधळी. अंगचं ग्राफिक्स असलं तर कार्ड काढून ठेवायचं अन् दुकान चालू. एसएमपीएस नावाजलेल्या कंपनीचा 450 वॉट, 80 प्लस ब्राँझ घे. कॅबिनेटसोबत फुकट येणाऱ्या "500 वॉट"वाल्या डब्याला हात लावू नको, उचलून पाहिलं तरी हलका लागते. रॅमचे भाव 2025 च्या शेवटापासून चांगलेच चढलेत, म्हणून आता 16 जीबीची एकच पट्टी घे अन् दुसरा स्लॉट मोकळा ठेव, काम थोडं हळू होईन पण पुढं वाढवता येईन.

आणखी एक, वीज पडून किंवा व्होल्टेजनं जळालेला पार्ट दोन्हीकडच्या वॉरंटीत साधारण बसत नाही, जळाल्याचा डाग दिसला की परत पाठवतात. मशीन आणायच्या आधी वायरमनला बोलावून अर्थिंग पाहून घे. मल्टिमीटरवर न्यूट्रल अन् अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर दाखवलं तर आधी खड्डा नीट करायचा. यूपीएस घेतल्यावर एकदा प्लग काढून पाहा, काही एसएमपीएस साध्या यूपीएसवर लाईट गेली की बंद होऊन जातात, ते दुकानातच कळलेलं बरं.

अन् बिलावर फक्त "कॉम्प्युटर सेट" असं लिहू देऊ नको. प्रत्येक पार्टचं नाव अन् सिरीयल नंबर लिहून घे, डब्यांचे अन् बिलाचे फोटो काढून ठेव. बिल नसलं तर बऱ्याच कंपन्या वॉरंटी पार्ट बनला त्या तारखेपासून मोजतात, अन् दुकानात वर्षभर पडून राहिलेल्या बोर्डाचं ते वर्ष तुझ्या खात्यातून जाते.