मेटाटार्सल पॅड चवड्याखाली नाही, चवड्याच्या मागे

प्रश्न: उजव्या पायाच्या तिसऱ्या-चौथ्या बोटात आग होते, मग बोटं बधिर पडतात. सोनोग्राफीत मॉर्टन्स न्यूरोमा निघाला. ऑनलाइन मेटाटार्सल पॅड मागवून लावला, तर दुखणं उलट वाढलं. पॅड टाकून देऊ का? आणि बूट नेमका कसला घेऊ? पुण्यात राहते.

उत्तर:

पॅड टाकू नका, आधी तो कुठे चिकटवलाय ते बघा. मी पुण्यात इनसोल बनवायचं काम करतो. पॅड लावून दुखणं वाढलं म्हणून जे येतात, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचा पॅड थेट दुखऱ्या जागेखाली बसलेला असतो. दुखतंय तिथे गादी द्यावी असं कुणालाही वाटणार. इथे मात्र ते उलटं पडतं.

कारण असं. चवड्यात पाच लांब हाडं आहेत आणि बोटांच्या मुळाशी त्यांची टोकं येतात. ही टोकं एकमेकांना बांधणारा लिगामेंटचा एक आडवा पट्टा असतो आणि बोटांकडे जाणारी नस त्या पट्ट्याच्या खालून, दोन टोकांच्या मधून जाते. बूट चिंचोळा असला की टोकं एकमेकांवर दाबली जातात. टाच उंच असली किंवा चालताना बोटं मागे वळली की नस ताणून पट्ट्यावर घासते. वर्षानुवर्षं हे चाललं की नसेभोवतीचं आवरण जाड होतं; हाच मॉर्टन्स न्यूरोमा. तिसऱ्या-चौथ्या बोटांमध्ये हे सगळ्यात जास्त दिसतं, त्याखालोखाल दुसऱ्या-तिसऱ्यामध्ये. रिपोर्टमध्ये ‘न्यूरोमा’ वाचून लोक थेट कॅन्सरपर्यंत पोचतात; तसं काही नसतं, ही कॅन्सरची गाठ नव्हे.

आता पॅडचं काम काय, तर ही टोकं जमिनीवर टेकतात त्या जागेच्या जरा मागे हाडांना खालून उचलून धरायचं. हाडं मागून उचलली गेली की टोकांवरचा भार कमी होतो, ती थोडी फाकतात आणि नसेला जागा मिळते. हाच पॅड टोकांच्या खाली गेला तर तो नसेलाच खालून वर दाबतो. म्हणजे एक-दीड सेंटीमीटरच्या फरकात उपाय आहे आणि दुखणंही.

जागा शोधायची सोपी रीत सांगतो. बुटातला इनसोल बाहेर काढा. पायाच्या तळव्यावर बोटांच्या मुळाशी अंगठ्याने चाचपत जा. जिथे दाबल्यावर बोटापर्यंत कळ जाते तिथे लिपस्टिकचा ठिपका लावा. ओलं कुंकूही चालतं, फक्त डाग जात नाही. इनसोल परत बुटात घाला, अनवाणी पाय घालून नाडी बांधा, उभं राहून चार पावलं चाला आणि पाय सरळ वर उचलून काढा. इनसोलवर ठिपका उमटलेला असेल. पॅडची पुढची कड त्या ठिपक्याच्या मागे, टाचेच्या बाजूला, साधारण अर्धा ते एक सेंटीमीटरवर यायला हवी. थेंबाच्या आकाराचा पॅड असेल तर रुंद गोल बाजू बोटांकडे आणि निमुळतं टोक टाचेकडे. लगेच पक्का चिकटवू नका, आधी दोन बाजूंच्या टेपने लावून घरातल्या घरात चालून बघा.

जागा बरोबर आहे हे कसं ओळखायचं? चवड्याच्या मागे, कमानीच्या पुढच्या टोकाला काहीतरी फुगीर आहे असं वाटतं. पहिले काही दिवस ते विचित्र वाटतं, पण दुखत नाही. थोडं चालल्यावर बोटांमध्ये आग वाढली, तर पॅड पुढे गेलाय. दोन-तीन मिलिमीटर मागे घ्या आणि परत चाला. कमानीच्या मध्यावर रुतत असेल तर फार मागे गेलाय. सुरुवात पातळ पॅडने करा, तीन-चार मिलिमीटर पुरे. पहिल्या दिवशी तासभर, मग हळूहळू वाढवा. जागा पक्की झाली की पॅड इनसोलच्या वर चिकटवण्यापेक्षा इनसोलच्या खालच्या बाजूला चिकटवा. मोज्याने सरकत नाही, घामाने आणि पावसाळ्यात सुटत नाही.

पण हे सगळं बुटात जागा असेल तरच. अरुंद बुटात पॅड घातला की पाय वर उचलला जातो, बोटं वरच्या कातड्याला जाऊन भिडतात आणि बाजूंनीही आवळतात. म्हणून आधी बूट, मग पॅड.

माझ्याकडे आलेल्या एका शिक्षिकेचं उदाहरण देतो. वय चाळिशीच्या पुढे, दिवसभर वर्गात उभं राहायचं, पायात काळ्या टोकदार बेली. ‘मोजा चुरगळून पायाखाली आलाय असं वाटतं, काढून बघते तर मोजा नीट असतो,’ असं त्या म्हणायच्या; या दुखण्यात हे फार लोक सांगतात. तासिका संपली की स्टाफरूममध्ये टेबलाखाली बेली काढायच्या आणि बोटं चोळायच्या, मग बरं वाटायचं. कागदावर उभं करून पायाची बाह्यरेषा काढली. चवड्याची सगळ्यात रुंद जागा ९.६ सेंटीमीटर भरली. बेलीच्या तळाची तीच जागा ८.१. म्हणजे दीड सेंटीमीटर पाय रोज बाहेर राहत होता आणि तो आत कोंबला जात होता. पॅड त्यांनीही लावला होता, पाकिटावरच्या चित्राप्रमाणे बोटांच्या अगदी मुळाशी.

दुकानदाराने त्यांना एक नंबर मोठी बेली दिली होती. हा सल्ला लक्ष्मी रोडवर कुठेही मिळतो आणि तो चुकीचा आहे. नंबर वाढवला की लांबी वाढते, रुंदी नाममात्र. वर पाय पुढे सरकून परत त्याच निमुळत्या टोकात घुसतो आणि बुटाची वळायची जागा पायाच्या वळायच्या जागेशी जुळत नाही. त्यांना लागत होती ती रुंदी. बऱ्याच स्पोर्ट्‌स कंपन्या तोच नंबर ‘वाइड’ म्हणून काढतात. खोक्यावर किंवा जिभेच्या आतल्या लेबलवर ‘टू ई’ किंवा ‘फोर ई’ असं लिहिलेलं असतं. बायकांच्या बुटात रुंद माप मिळेना, तेव्हा त्यांनी पुरुषांचा त्याच लांबीचा काळा बूट घेतला. शाळेत कुणाच्या लक्षातही आलं नाही. पॅड साधारण दीड सेंटीमीटर मागे नेला. दोनेक महिन्यांत आग जवळपास थांबली. चौथ्या बोटाच्या कडेला थोडा बधिरपणा अजून आहे.

तुम्ही बूट घ्यायला जाल तेव्हा संध्याकाळी जा, पाय दिवसभराचा सुजलेला असतो. नेहमीचे मोजे आणि पॅड लावलेला इनसोल सोबत न्या. बुटातला इनसोल काढून जमिनीवर ठेवा आणि त्यावर उभ्या राहा: करंगळीच्या बाजूने मांस कडेबाहेर आलं तर तो बूट तिथेच परत करा. ‘वाइड टो बॉक्स’ लिहिलंय एवढ्यावर विश्वास ठेवू नका. काही बूट बोटांपाशी पसरट आणि चवड्यापाशी अरुंदच असतात, आणि तुमची नस चवड्यापाशी दबते. टाच अडीच-तीन सेंटीमीटरच्या वर नको. बूट हातात धरून वाकवून बघा. अगदी मऊ, चपातीसारखा दुमडणारा बूट आरामदायी वाटतो, पण त्यात प्रत्येक पावलाला बोटं मागे वळतात. पुढून थोडा कडक आणि टोकाला वर उचललेला, रॉकर तळाचा बूट बरा. नाडीचा असेल तर बोटांकडची भोकांची पहिली जोडी मोकळी सोडून नाडी ओवा, चवडा लगेच सैल होतो.

आपल्याकडच्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एक, घरात आपण अनवाणी असतो, म्हणजे पॅडचा उपयोग अर्धा दिवसच. घरासाठी मऊ, रुंद स्लिपर ठेवा, किंवा चवड्यावर चढवायची इलॅस्टिकची पट्टी मिळते, तिच्यात पॅड असतो. कोल्हापुरी बोटांना मोकळी असते हे खरं, पण तळ पातळ आणि कडक. दुखणं चालू असेपर्यंत बाजूला ठेवलेली बरी. दुसरी, गिअरची बाइक चालवणारे. डाव्या चवड्याने दिवसभर गिअर उचलणाऱ्यांना डाव्या पायात हा त्रास बळावू शकतो. तुमचा उजवा आहे, त्यामुळे हे लागू नाही, पण वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला असेल.

आता मर्यादा. पॅड आणि बुटाने नसेची जाडी कमी होत नाही, तिच्यावरचा दाब कमी होतो. जाड नस ज्यांना काहीच त्रास नाही अशांच्याही सोनोग्राफीत दिसते, त्यामुळे रिपोर्टमधल्या मिलिमीटरपेक्षा लक्षणं बघा. न्यूरोमाचं दुखणं सहसा बूट काढल्यावर कमी होतं. उलट, घरात अनवाणी फरशीवर चालताना जास्त दुखत असेल, किंवा दुसरं बोट वर उचललं जाऊन बाजूला सरकत असेल, तर सांध्याखालचा पडदा फाटलेला असू शकतो. पायाच्या वरच्या बाजूला सूज आणि हाडावर एकाच जागी दाबल्यावर कळ असेल तर हाडाची बारीक भेग. दोन्ही पायांच्या सगळ्या बोटांत मुंग्या असतील तर आधी साखर आणि बी-१२ तपासा. शाकाहारी घरांमध्ये बी-१२ कमी निघणं नवीन नाही. आणि मधुमेहाने पाय बधिर असेल तर स्वतःच्या अंदाजाने पॅड लावूच नका. चुकीच्या जागी दाबत राहिला तरी कळणार नाही आणि जखम होईल.

बरोबर बूट आणि बरोबर जागी पॅड, असे दोन-तीन महिने जाऊनही फरक नसेल तर ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडे परत जा. पुढची पायरी सहसा स्टिरॉइडच्या इंजेक्शनची. त्याने काही महिने आराम पडतो, पण वारंवार घेतलं तर तळव्याची चरबीची गादी पातळ होऊ शकते. नस काढून टाकायची शस्त्रक्रिया शेवटी. त्यात त्या दोन बोटांमधला बधिरपणा कायमचा राहतो आणि काही जणांना कापलेल्या टोकाशी परत दुखरी गाठ येते, हे आधी विचारून घ्या. जाताना रोजचे बूट आणि पॅड लावलेला इनसोल घेऊन जा. पॅड कुठे होता हे बघितल्याशिवाय ‘पॅडने फरक पडला नाही’ याला फारसा अर्थ नसतो.