आतली नळी आधी काढायची

प्रिय सहकारी,

सप्रेम नमस्कार.

ट्रॅकिओस्टॉमीचे रुग्ण घरी जाण्याआधी त्यांच्या नातेवाइकांना शिकवण्याचे काम आता तुझ्याकडे आले आहे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. नळीतून आत जाणाऱ्या हवेला नाकातला ओलावा मिळत नाही, आणि आपल्या खानदेशात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की कफ नळीतच वाळून खपली धरतो. नळीच्या तोंडापुढे घट्ट पिळलेल्या ओल्या गॉजची पातळ, सैल घडी ठेवायला म्हणूनच आधी शिकव.

रावेरकडच्या एका शेतकऱ्याच्या सुनेला रात्री सासऱ्यांच्या श्वासात शिट्टीसारखा आवाज ऐकू आला. गळ्याच्या खळग्यातली कातडी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती. तिने सक्शनचे कॅथेटर आत घातले, तर ते मध्येच अडले. तिने जोर केला नाही. एका हाताने बाहेरची नळी धरून, दुसऱ्या हाताने खटका फिरवून आतली नळी काढली आणि श्वास लगेच मोकळा झाला. त्या नळीच्या खालच्या टोकाला तपकिरी, कडक खपली होती. आतली नळी असते ती याचसाठी, आणि नातेवाइकांच्या मनात मला हेच पक्के बसलेले हवे असते.

ती नळी दिवसातून निदान दोन-तीनदा, कफ जास्त असेल तर त्याहून अधिक वेळा, उकळून गार केलेल्या पाण्यात ब्रशने धुवावी आणि उजेडाकडे धरून आरपार पाहावी. धातूची नळी उकळता येते. प्लॅस्टिकची उकळू नये. पाणी निथळून टाकल्याशिवाय ती परत बसवू नये.

सक्शनसाठी कॅथेटरची जाडी नळीच्या आतल्या व्यासाच्या निम्म्याहून अधिक नसावी. ते आत नेताना ओढ बंद ठेवावी, नळीच्या लांबीइतकेच न्यावे, आणि बाहेर काढतानाच ओढ द्यावी. हे सारे दहा-पंधरा सेकंदांत संपावे, कारण तेवढा वेळ रुग्णाला पुरेशी हवा मिळत नसते. वीज जाणाऱ्या गावांत पायाने चालणारे सक्शन यंत्र घ्यायला सांग.

आतली नळी काढूनही धाप कमी झाली नाही, तर सक्शन करावे. कॅथेटर तरीही पुढे जाईना, तर बाहेरची नळी बंद झाली आहे असे समजून १०८ला फोन करावा. ज्याला नळी बदलण्याचे शिक्षण मिळाले आहे, त्यानेच ती काढून सुटी नळी घालावी. ती, फीत आणि कात्री उशाशीच असावी. स्वरयंत्र काढलेल्या रुग्णाला ऑक्सिजन गळ्याच्या छिद्रावरच द्यावा लागतो, तोंडाने दिलेला फुप्फुसांत पोहोचत नाही. हे रुग्णवाहिकेतल्या माणसांनाही स्पष्ट सांगायला लाव.

नातेवाइकाने आतली नळी तुझ्यासमोर, तुझ्या मदतीशिवाय काढून, धुऊन, परत बसवून दाखवल्याखेरीज सुट्टीच्या कागदावर सही करू नकोस.

तुझी ताई