आठ ब्लाउजवाल्या, एक गल्ली आणि न उतरणारी शिलाई

प्रश्न: आमच्या गल्लीत ब्लाउज शिवणाऱ्या आठ जणी आहेत, प्रत्येकीच्या पाटीवर ‘स्पेशालिस्ट’. पुस्तकात याला मक्तेदारीयुक्त स्पर्धा म्हणतात. स्पर्धा आहे तर मक्तेदारी कुठून आली? आणि आठ जणी असून शिलाई स्वस्त का होत नाही?

उत्तर:

मक्तेदारी मापाच्या वहीत असते. माझी मोठी बहीण नागपुरात महालातल्या एका गल्लीत ब्लाउज शिवते. मी बारावीला अर्थशास्त्र शिकवतो आणि तिच्या दुकानाचा हिशेबही मीच लिहितो, त्यामुळे हा धडा मला दोन्ही बाजूंनी रोज दिसतो.

तिच्या वहीत प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक पान आहे. छाती, कंबर, मुंढा, बाहीचा घेर, गळा पुढून किती आणि मागून किती. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: ‘उजवा खांदा उतरता’, ‘काखेत अर्धा इंच जास्त ठेवणे’. ही खालची ओळ एका भेटीत लिहून होत नाही, दोन-तीन ब्लाउज उसवून परत शिवल्यावर ती सापडते. शेजारच्या दुकानात गेलं की ती सापडेपर्यंत पुन्हा एक-दोन ब्लाउज बिघडणार, हे बायकांना पक्कं ठाऊक असतं. एक काकू सक्करदऱ्याहून येतात. त्यांच्या घराखालीच टेलर आहे. विचारलं तर म्हणाल्या, “तिच्याच हातचा बसते न मले.” या काकूंपुरती माझी बहीण मक्तेदार आहे.

पण किती? ते भाव वाढवल्यावर कळतं. नागपुरातल्या कॉटन मार्केटच्या भाजीबाजारात एखाद्याने बटाट्याचा भाव शेजारच्यापेक्षा पाच रुपयांनी वाढवला, तर त्याच्यापुढे कोणी उभं राहणार नाही. गावात एकच विकणारा असेल, तर कुरकुरत का होईना, बहुतेक सगळे घेतील. माझ्या बहिणीने अस्तराच्या ब्लाउजची शिलाई ५०० वरून ५५० केली, तेव्हा महिन्याचे १०० ब्लाउज ८३ वर आले. गेल्या त्या बहुतेक नव्या, ज्यांचं पान नुकतंच लिहिलं होतं. काही जणी जातात, बऱ्याच राहतात, हीच या बाजाराची खूण. पाटीवर काय लिहिलंय त्याला महत्त्व नाही. पन्नास रुपये वाढवल्यावरही जे गिऱ्हाईक टिकतं, तेवढाच खरा वेगळेपणा.

आता भावाचं बघू. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत. भाडं ६,०००, वीज आणि मशीनची देखभाल १,०००, आणि बहिणीची स्वतःची मेहनत १८,०००, कारण दुसऱ्याच्या दुकानात कटिंग करायला बसली तर तिला तेवढे मिळतील. हा झाला महिन्याचा बांधलेला खर्च, २५,०००. शिवाय प्रत्येक ब्लाउजमागे कारागिराची मजुरी, अस्तर, धागा, हूक मिळून २५०. म्हणजे ५०० च्या शिलाईत एका ब्लाउजमागे २५० सुटतात, १०० ब्लाउजमागे बरोबर २५,०००. बांधलेला खर्च निघाला, वर काही नाही. अर्थशास्त्र याला शून्य नफा म्हणतं. विद्यार्थी इथे नेहमी दचकतात, पण तिचे १८,००० त्यात धरलेलेच आहेत. ती उपाशी नाही. फक्त हे दुकान तिला दुसऱ्या कामापेक्षा जास्त देत नाही.

सुरुवातीला देत होतं. तेव्हा गल्लीत तिघीच होत्या. शिलाई ५५०, महिन्याला १४० ब्लाउज. एकामागे ३०० सुटायचे, म्हणजे ४२,०००. खर्च जाऊन १७,००० वर. हे लपून राहत नाही. दुकानासमोरच्या चपलांवरूनच गल्लीला कळतं. मशीन, टेबल आणि पाटी एवढ्यावर दुकान सुरू होतं, अडवणारं कोणी नसतं. तिच्याकडे शिकलेली एक मुलगी चार घरं सोडून बसली, मग आणखी चौघी आल्या. कोणीही बहिणीचं दुकान बंद पाडलं नाही, प्रत्येकीने तिचं थोडं थोडं गिऱ्हाईक नेलं. १७,००० संपल्यावर नवीन यायच्या थांबल्या.

तुमच्या प्रश्नाचा गाभा इथे आहे. तिच्या दोन मशिनींवर महिन्याला १६० ब्लाउज निघू शकतात. १६० निघाले तर बांधलेला खर्च वाटला जाऊन एक ब्लाउज सुमारे ४०६ ला पडेल. १०० निघतात म्हणून तो ५०० ला पडतो. आठ जणी आल्याने प्रत्येकीचा नफा गेला, पण प्रत्येकीच्या मशिनी अर्ध्याअधिक वेळच चालतात, त्यामुळे खर्चच चढा राहिला आणि भाव त्याच्याखाली जाऊ शकत नाही. पुस्तकात याला अतिरिक्त क्षमता म्हणतात. दुपारी अडीच वाजता गल्लीतून चालत गेलात तर ती डोळ्यांनी दिसते: पंखा चालू, मशीनवर कापड झाकलेलं.

मग भाव उतरवून गिऱ्हाईक का ओढत नाही? तेही करून पाहिलं. ४५० केल्यावर १०० चे १२० झाले, १६० नाही, कारण इतर सात जणींकडेही अशाच वह्या आहेत. एकामागे २०० प्रमाणे २४,००० आले, म्हणजे हजाराची तूट. ५५० ला ८३ ब्लाउजचे २४,९०० झाले होते, तेही शंभराने कमीच. वर गेलं तरी तूट, खाली आलं तरी तूट. आणि महिन्याभरात बाकीच्यांनीही ४५० केलं, तेव्हा तिचे १२० चे १०५ राहिले. हाती २१,००० आले. एकटीने भाव उतरवणं आणि सगळ्या गल्लीने उतरवणं यातला हा फरक अमेरिकी अर्थतज्ज्ञ एडवर्ड चेंबरलिन यांनी १९३३ साली मागणीच्या दोन वेगळ्या रेषा काढून दाखवला. वर्गात ती आकृती मुलांना सगळ्यात अवघड जाते, म्हणून मी हल्ली आधी हा हिशेब फळ्यावर लिहितो आणि रेषा नंतर काढतो.

४०६ आणि ५०० मधले हे ९४ रुपये वाया जातात का? माझं मत, सगळे नाही. सक्करदऱ्याच्या काकू त्या पैशात उतरत्या खांद्याला बसणारा ब्लाउज विकत घेतात. गल्लीत एकच मोठं दुकान असतं तर शिलाई कदाचित स्वस्त झाली असती, पण खालची बारीक ओळ कोणी लिहिली नसती. पाटीवरच्या दिव्यांचा आणि पत्रकांचा खर्च मात्र मला वायाच वाटतो. एकीने दिवे लावले की आठही जणींना लावावे लागतात आणि गिऱ्हाईक होतं तिथेच राहतं. सावजी भोजनालयांतही तेच चालतं. मसाला खरोखर वेगळा असेल तर लोक लांबून येतात, नुसता ‘अस्सल’ शब्द मोठ्या अक्षरात लिहून येत नाहीत.

हा सगळा हिशेब साध्या महिन्यांचा. एप्रिल-मेच्या लग्नसराईत तो लागू पडत नाही. तेव्हा आठही जणींच्या मशिनी रात्री अकरापर्यंत चालतात, शिलाई ६५० होते, आणि बहीण नव्या गिऱ्हाइकाला दारातूनच सांगते की पंधरा दिवस कापड घेणार नाही. वहीत पान असलेल्यांचं तेवढं ती घेते.