पावसाळ्यात कंपोस्टला वास आणि माश्या : पातेरा किती आणि कसा घालावा

प्रश्न : साहेब, घरामागे खड्डा काढून स्वयंपाकघरातला ओला कचरा आम्ही त्यात टाकतो, वर मूठभर पातेरा घालतो. उन्हाळ्यात काही त्रास नव्हता. पाऊस लागल्यापासून गटारासारखा वास येतो, अळ्या झाल्यात आणि माश्या पार ओटीपर्यंत येतात. राख टाकून पाहिली, फरक नाही. कीटकनाशकाची पावडर मारू का? (एक शेतकरी ताई, ता. कुडाळ)

उत्तर : पावडर मारू नका, ताई. तिचा अंश खतात राहतो, गांडुळं मरतात आणि तेच खत तुम्ही परसातल्या वालीला, अळवाला घालणार. माश्या मेल्या तरी वास तसाच राहील, आणि वास आहे तोवर नव्या माश्या येतच राहतील.

तुमच्याकडे मुळात दोन गोष्टी बिघडल्या आहेत. जांभ्यातल्या खड्ड्यात पाणी साचलंय आणि पातेरा फार कमी पडतोय. दोन्हींचा परिणाम एकच, की कचऱ्याच्या आत हवा उरलेली नाही. कचरा कुजवणाऱ्या ज्या जिवाणूंना हवा लागते ते थांबले, की बिनहवेचे जिवाणू काम हातात घेतात. त्यांच्यामुळे हायड्रोजन सल्फाइडसारखे वायू आणि आंबूस आम्लं तयार होतात. गटारासारखा वास येतो तो यांचाच.

वासाची जात ओळखणं महत्त्वाचं आहे, कारण उपाय त्यावर ठरतो. गटाराचा किंवा सडक्या अंड्यांचा वास असेल तर हवा नाही, आणि उपाय म्हणजे ढीग उकलणं. डोळ्यांना झोंबणारा, गोठ्यात मूत्र साचल्यावर येतो तसा उग्र वास असेल तर तो अमोनिया. तिथे हवा पुरेशी असते, पण नत्र जास्त झालेलं असतं. अशा वेळी सुका माल मिसळला की भागतं. राखेचं मात्र उलट आहे. राख आणि चुना अल्कधर्मी असतात, त्यामुळे ढिगातला अमोनिया उलट जास्त सुटतो आणि तेवढं नत्र हवेत जातं. चुलीतली राख खतात घालायचीच असेल तर चिमूट-चिमूट पसरून घाला, वासावरचं औषध म्हणून नको.

आता प्रमाणाकडे येऊ. कुजवणाऱ्या जिवाणूंना एक भाग नत्रामागे साधारण २५ ते ३० भाग कर्ब लागतो. भाजीची देठं, सालं, उरलेलं अन्न यांत हे प्रमाण सुमारे १५ ते २० असतं, म्हणजे नत्राच्या मानाने कर्ब कमी. सुक्या पानांत ते ४० ते ८० पर्यंत जातं, भाताच्या पेंढ्यातही जवळपास तेवढंच. दोन्ही मिसळून मधला आकडा गाठायचा. यात रंगावर जाऊ नका. चहाचा चोथा आणि शेण दिसायला तपकिरी असले तरी त्यांत नत्र भरपूर असतं, म्हणून ते ओल्या कचऱ्याच्या बाजूलाच धरायचे. “वर शेण टाकलं, तरी वास का येतो?” असं बरेच जण विचारतात, त्यामागे हाच घोळ असतो.

पाच माणसांच्या घरात रोज साधारण दीड किलो ओला कचरा निघतो असं धरू. त्यात जवळपास सव्वा किलो नुसतं पाणी असतं. कर्ब-नत्राचा हिशेब केला तर त्याला अर्धा किलो सुकी पानं पुरतात. पण तेवढ्यावर थांबलात तर मिश्रणात ६० टक्क्यांहून जास्त पाणी राहतं आणि ढीग चिकट होतो. ७०० ग्रॅम पानं घातली की ओल ६० च्या आत येते आणि कर्बाचं प्रमाणही फार वर जात नाही. म्हणून पावसाळ्यात वजनाने निम्मा पातेरा धरा. पाऊस नसताना थोडा कमी चालतो.

रोज वजन कोण करत बसणार? तेव्हा मापाने घाला. दीड किलो ओला कचरा सुमारे तीन लिटर भरतो आणि ७०० ग्रॅम चुरलेली पानं आठेक लिटर. म्हणजे एक टोपली ओल्या कचऱ्याला जवळपास तीन टोपल्या पातेरा. लोक “निम्मं-निम्मं” म्हणतात आणि एका टोपलीला अर्धी टोपली पानं टाकतात. वजनात मोजलं तर ती अर्धी टोपली काहीच नसते. तुमचा मूठभर पातेरा याच हिशेबात कमी पडला.

पातेरा फक्त कर्ब देतो असंही नाही. तो पाणी धरतो आणि मध्ये पोकळी ठेवतो, आणि आपल्याकडच्या पावसात ही शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. म्हणून सगळा सुका माल सारखा उपयोगी पडत नाही. आंब्या-फणसाची पानं कडक असतात, पोकळी चांगली ठेवतात. सागाची मोठी पानं अख्खी टाकली तर एकावर एक चिकटून थर होतो आणि हवा अडते, ती चुरून किंवा कोयत्याने तोडूनच घाला. वर्तमानपत्राचंही तसंच, पसरून टाकू नका, फाडून मिसळा. लाकडाचा भुसा थोडाच वापरा, तो दाबून बसतो आणि कुजायला फार वेळ घेतो. गिरणीतलं भाताचं तूस स्वतः लवकर कुजत नाही, पण चिकट कचरा मोकळा ठेवायला चांगलं. जुलैत सुकी पानं मिळाली नाहीत तर माळ्यावरचा जुना पेंढा वीतभर लांबीचे तुकडे करून वापरा, किंवा नारळाची सोडणं सोलून मोकळी करून घाला.

आता तुमच्या खड्ड्याचं. तो पावसाळाभर सोडून द्या. पाऊस उघडेल त्या दिवशी त्यातला माल फावड्याने वर काढा. त्या वेळी वास तासभर वाढेल, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. जरा उंचवट्यावर वीतभर जाड काटक्यांचा थर अंथरा, त्यातून खालून हवा येते आणि पाणी निघून जातं. खड्ड्यातल्या मालाची एक टोपली आणि सुक्या मालाच्या दोन-तीन टोपल्या असं एकत्र कालवत ढीग रचा. थर देऊ नका, कालवाच. चिखलासारखा झालेला माल थरात ठेवला तर तो आतल्या आत तसाच सडत राहतो. ढीग तिन्ही बाजूंनी तीन फुटांच्या आसपास जमला तर उत्तम, त्याहून लहान ढीग ऊब धरत नाही. वर झाप किंवा पत्रा तिरका टाका, पण तो ढिगाला टेकू देऊ नका.

ओल बरोबर आहे का ते हाताने कळतं. आतला मूठभर माल घेऊन घट्ट पिळा. पाण्याची धार लागली तर अजून सुका माल हवा, बोटांमधून एखाद-दोन थेंब निघाले की झालं. हात नुसता ओलसर झाला आणि मूठ उघडताच माल विस्कटला तर कोरडा आहे. दोन-तीन दिवसांनी लोखंडी सळई ढिगाच्या मध्यापर्यंत खुपसा आणि पाच मिनिटांनी काढून धरून बघा. धरवत नसेल इतकी गरम लागली तर ढीग नीट चाललाय. कोमटही नसेल आणि वासही नसेल, तर पातेरा जास्त झालाय किंवा ढीग लहान आहे. त्याने नुकसान काही नाही, फक्त खत व्हायला उशीर लागेल. शेणाचं पातळ पाणी शिंपडलं की ढीग पुन्हा सुरू होतो. आठवड्याने एकदा बाहेरचा माल आत आणि आतला बाहेर करून परता.

माश्यांचं गणित वेगळं नाही, पण त्यात एक गोष्ट नीट समजून घ्या. घरमाशी उघड्या ओल्या कचऱ्यावर अंडी घालते, ती साधारण दिवसभरात फुटतात, आणि उबदार हवेत आठ-दहा दिवसांत नवी माशी तयार होते. ढिगाच्या मध्ये ५० अंशांच्या वर ऊब असेल तर अळ्या मरतात, पण त्या तिथे थांबत नाहीत, थंड कडेला सरकतात आणि कडेच्या कोरड्या मातीत कोष करतात. म्हणून परतताना कडेचा माल आणि भोवतालची वरची माती खरवडून ढिगाच्या मध्यात टाका. परसातला छोटा ढीग दर वेळी इतका तापेलच असं नाही, तेव्हा खरा भरवसा झाकण्यावरच ठेवायचा. रोजचा कचरा वर ओतू नका. ढिगाच्या डोक्यावर फावड्याने खळगा करा, कचरा आणि दोन टोपल्या पातेरा त्यात कालवा, आणि उरलेली तिसरी टोपली त्यावर तीन-चार बोटं जाड पसरा. शेवटी ओला कचरा कुठेही डोळ्यांना दिसता कामा नये. दिसला तर माशीलाही सापडतो.

केळीच्या साली आणि फणसाची चारखंडं, पाव यांवर चिलटं धरतात. हे तुकडे करून वीतभर खोल गाडा. मासळीचं पाणी, खवलं, डोकी या ढिगात नकोतच, निदान पावसाळ्यात तरी. नारळाच्या आळ्यात दीड फूट खोल पुरा, कुत्री-मांजरं उकरणार नाहीत आणि माडाला ते लागू पडतं. उरलेला भात घालायचा झाल्यास हाताने मोकळा करून थोडाथोडा घाला, त्याचा गोळा तसाच आत राहिला तर आंबतो.

एका अळीला मात्र मारू नका. मोठी, चपटी, करड्या-तपकिरी रंगाची, कातडी टणक असलेली अळी दिसली तर ती काळ्या सैनिक माशीची. ती ओला कचरा झपाट्याने खाते, तिची माशी अन्नावर बसत नाही. पण ती फार संख्येने दिसली तर समजा की वरचा भाग अजून ओला आहे.

एवढं केल्यावर गटाराचा वास दोन-तीन दिवसांत उतरायला हवा, माश्यांना मात्र दोन आठवडे द्या, कारण मातीतले कोष तोवर फुटत राहतात. वास आठवड्यानंतरही राहिला तर ढिगाच्या बुडाशी बघा, काटक्यांचा थर दबून पाणी तुंबलेलं सापडेल.

पुढच्या वर्षाची तयारी पानगळीत करावी लागते. रोज ७०० ग्रॅम म्हणजे महिन्याला २१ किलो, जून ते सप्टेंबर ८४ किलो. खताच्या रिकाम्या गोणीत चुरून दाबलेला पातेरा आठ-दहा किलो बसतो, तेव्हा दहा गोण्या लागतील. फेब्रुवारी-मार्चमध्ये अंगण झाडताना तो जाळू नका, उन्हात कडकडीत वाळवून भरा. गोण्या पडवीत फळ्यांवर किंवा चिऱ्यांवर ठेवा, जमिनीला टेकल्या तर महिन्याभरात वाळवी लागते.