पॉलिसी राहू द्या, घरचा हिशेब आधी मांडा

प्रश्न: माझं वय ३७, नाशिकला नोकरी, हातात ८० हजार येतात. गृहकर्ज २६ लाख बाकी आहे. घरी पत्नी, ८ आणि ३ वर्षांची दोन मुलं आणि अंथरुणाला खिळलेली आई. एजंटने मुलांसाठी एक पॉलिसी सुचवली आहे: वर्षाला १ लाख, १५ वर्षं भरायचे, २० व्या वर्षी साधारण २८ लाख करमुक्त मिळतील. ऑफिसकडून २० लाखांचा विमा आहेच. पत्नी घरीच असते, कमवत नाही, म्हणून तिच्या नावावर काही काढलेलं नाही. तिला यातलं फारसं कळत नाही. मी होकार देऊ का?

उत्तर: नका देऊ. २८ लाख ऐकायला मोठे वाटतात, पण हा परतावा वर्षाला पावणेपाच टक्के पडतो. हेच १ लाख दर वर्षी पीपीएफमध्ये टाकलेत तर आजच्या ७.१ टक्के दराने १५ व्या वर्षीच २७ लाख होतात, तेही करमुक्त. एजंटने हे सांगितलं नसणार, कारण पीपीएफवर त्याला कमिशन नाही.

पण तुमच्या पत्रातलं मला खटकलं ते शेवटून तिसरं वाक्य. ‘कमवत नाही’ म्हणता ना, मग एक कागद घ्या आणि उद्या त्या नसल्या तर कोणाकोणाला पैसे द्यावे लागतील ते लिहा. उरलेल्या चार जणांचा दोन वेळचा स्वयंपाक, ५ हजार. धुणीभांडी, ३ हजार. धाकट्याचं पाळणाघर, ६ हजार. थोरल्याची शिकवणी, २ हजार. आईंजवळ दिवसभर बसणारी बाई, १५ हजार. आणि आईंचे डायपर बदलणं, कूस बदलणं हे सगळ्या बायका करत नाहीत, करणाऱ्या जास्त घेतात. रात्रीची बाई मी धरलेलीच नाही. माझे आकडे अंदाजाचे आहेत, तुमच्या कॉलनीत विचारून दुरुस्त करा. बेरीज ३१ हजार, म्हणजे वर्षाला पावणेचार लाख. धाकटा १८ वर्षांचा होईपर्यंत १५ वर्षं धरली तर ५५ लाखांच्या घरात, महागाई न धरता. (आईंची सेवा पंधरा वर्षं लागेलच असं नाही, पण महागाई सोडलीय त्यात ते जुळून जाईल.) ही त्यांची किंमत नव्हे, फक्त तुमच्यावर येणारं बिल.

हे भावनेचं नाही. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२१ मध्ये एका अपघात-भरपाईच्या प्रकरणात गृहिणीचं काल्पनिक उत्पन्न धरलंच पाहिजे असं म्हटलं. विमा कंपन्याही गृहिणीला टर्म विमा, म्हणजे मुदतीत माणूस गेला तरच पैसे देणारा विमा, देतात, फक्त तिचं कव्हर बहुधा नवऱ्याच्या उत्पन्नाला आणि नवऱ्याच्या कव्हरला बांधलेलं असतं. तुमचं स्वतःचंच नसेल तर त्यांचं अडेल.

म्हणून आधी तुमचा विमा. ऑफिसचे २० लाख नोकरी सुटली की जातात, आणि तुम्ही नसाल तर २६ लाखांचं कर्जही त्यातून फिटणार नाही. दीड कोटीचा शुद्ध टर्म प्लॅन घ्या. पंचवीस-तीस हजार वर्षाला. तो विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या १८७४ च्या कायद्याखाली, म्हणजे ‘एमडब्ल्यूपी’खाली घ्या. मग विम्याचे पैसे पत्नी-मुलांचे. बँकेला किंवा दुसऱ्या कुणा देणेकऱ्याला एरवी त्यावर हात टाकता येत नाही. हे पॉलिसी काढतानाच अर्जात मागावं लागतं, नंतर जोडता येत नाही. त्यानंतर त्यांचा ५० लाखांचा, आठ-दहा हजारांत.

एक लाखातले साठ हजार उरतात. ते दरमहा ५ हजार म्हणून पत्नीच्या नावाने पीपीएफ उघडून त्यात टाका. बायकोला दिलेल्या पैशांवरचं उत्पन्न तुमच्याच उत्पन्नात धरलं जातं हे खरं, म्हणून त्यांच्या नावाने एफडी केलीत तर व्याजावर कर तुम्हालाच. पीपीएफचं व्याज करमुक्त असल्याने तिथे ती अडचण येत नाही.

‘तिला यातलं कळत नाही’ याबद्दल एवढंच. महिन्याच्या खर्चाला तुम्ही काही रक्कम त्यांच्या हातात ठेवत असाल, त्यात औषधं, गॅस, फी बसवून शेवटच्या आठवड्यात पाहुणे आले तरी त्या निभावतात. एजंट आला तेव्हा त्या चहा ठेवत असतील; तो पुन्हा आला तर त्यांना समोर बसवा. ‘आठव्या वर्षी मध्येच पैसे लागले तर किती मिळतील?’ हे त्याच विचारतील, आणि उत्तर ऐकून त्यांचा नकार तुमच्या आधी येईल. आणि ‘मी देतो, ती खर्च करते’ ही घरातली भाषा मुलांसमोर तरी बंद करा. थोरला आठ वर्षांचा आहे, त्याला ऐकू येतं.

पत्रात पत्नीचं वय आणि शिक्षण नाही. काही कंपन्या गृहिणीला टर्म विमा देताना पदवी मागतात. तेवढं कळवा, म्हणजे कुठे अर्ज करायचा ते सांगतो.