रोस्ट, गाऱ्हाणं आणि मामांचं औक्ष

प्रश्न : आमच्या मामांच्या साठीला कुडाळात घरगुती कार्यक्रम होता. मी इंग्रजीतला एक रोस्ट जोक मराठी करून म्हटला : ‘मामा, तुम्ही जगातले सर्वात कंजूष मनुष्य नाही आहात, पण तुम्ही आशा करायला हवी की तो मरणार नाही.’ कोणी हसलं नाही, मामी तर उठून आत गेल्या. इंग्रजीत हाच जोक हमखास चालतो. भाषांतर कुठे चुकलं? आणि रोस्टला मराठीत ‘शालजोडीतले’ म्हणावं का?

शेवटचं आधी. नाही, म्हणू नये. हल्ली कोणी कोणाला उघड उघड शिवी दिली तरी ‘शालजोडीतला हाणला’ म्हणतात, आणि ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. जोडा शालीत गुंडाळलेला असतो म्हणून तो शालजोडीतला. खाणाऱ्याला आधी शालीचा मऊपणा लागतो, जोडा नंतर कळतो. रोस्टमध्ये सगळ्या सभेला आधीपासून ठाऊक असतं की आज या माणसाला झोडपायचं आहे, आणि तोही समोर खुर्ची टाकून बसलेला असतो. त्याला आपल्याकडे खरपूस समाचार घेणं म्हणतात. खरपूस म्हणजे छान भाजलेलं, तेव्हा भाजण्याची कल्पनाही त्यात आयती आहे. ‘बिनपाण्याने करणं’ही चालेल. ‘विडंबन’ मात्र नको. विडंबन कवितेचं होतं, मामांचं नाही.

आता तुमचं वाक्य. ‘आशा करायला हवी की’ इथेच ते मेलं. मराठी माणूस कोणाला ‘आशा कर’ म्हणत नाही. तो ‘देवाला हात जोड’ म्हणतो, ‘नवस बोल’ म्हणतो. दुसरं, इंग्रजी ऐकणाऱ्याला ‘जगातला सर्वात कंजूष’ म्हटलं की तसा कोणी एक माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो आणि पुढचा ‘तो’ त्यालाच चिकटतो. मराठीत ‘सर्वात’ हा नुसता मोठेपणा सांगणारा शब्द वाटतो, त्यातून माणूस उभा राहत नाही. त्यामुळे तुमचा ‘तो’ अधांतरी राहिला आणि लोक विचारात पडले, मरणार कोण, मामा? मामी आत गेल्या त्या यामुळेच. साठीच्या दिवशी, ओवाळून झाल्यावर, मरणाचं नाव? इंग्रजीत त्या शब्दाने हशा पिकतो, आपल्याकडे अपशकुन होतो.

म्हणून माणूस आपण उभा करायचा, आणि मरण उलटं करून आयुष्य मागायचं. ‘मामांपेक्षा चिकट माणूस आपल्या तालुक्यात आहे, एकच. देव त्याला उदंड आयुष्य देवो.’ यात डंख तसाच राहतो, कारण तो माणूस गेला की पहिला नंबर मामांचा, हे ऐकणाऱ्याने स्वतः जोडायचं असतं. ‘पण’ गाळलाय बघा. त्याच्या जागी नुसतं थांबायचं. ‘जगातला’ काढून ‘तालुक्यात’ घातलंय, कारण जगातला कंजूष कोणाच्या ओळखीचा नसतो आणि तालुक्यातला कोण हे शोधायला लोक लगेच माना वळवतात. ‘एकच’ हा शब्द मुद्दाम मागे ठेवलाय. तो पुढे घेतलात (‘तालुक्यात एकच माणूस मामांपेक्षा चिकट आहे’) तर वाक्य बातमीसारखं होतं.

पण हे झालं पुस्तकी मराठीत. तुम्ही कुडाळचे, तुमच्या हातात याहून धारदार हत्यार असताना ही काटकसर कशाला? गाऱ्हाणं घाला!

आता इथे मला थोडं थांबावंच लागेल, कारण हा शब्द माझा जीव की प्राण. आमच्याकडे जत्रा असो, नाटक असो, नवी होडी पाण्यात लोटायची असो, आधी गाऱ्हाणं होतं. एकजण देवाला हाक मारून मागणं मागतो आणि जमलेले दर वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. घाटावरच्या एका शुद्धिप्रेमी गृहस्थांनी मला एकदा सुनावलं की गाऱ्हाणं म्हणजे तक्रार, देवाकडे घालतात ते साकडं, कोकणी लोकांनी शब्दाची गल्लत केली. गल्लत आमची नाही, त्यांची आहे. साकडं हे ‘संकट’ या शब्दाचंच रूप, म्हणजे अडचण. अडचण नसताना, सगळं सुखाचं असतानाही घालतात ते गाऱ्हाणं. आणि गाऱ्हाण्याचं मूळ कुठलं? संस्कृत ‘गर्हण’. ‘गर्हणीय कृत्य’ म्हणतो ना आपण, तेच. गर्हण म्हणजे निंदा. निंदेची तक्रार झाली, तक्रार राजाकडे जायची ती देवाकडे गेली, आणि देवापुढे उभं राहता राहता तिची प्रार्थना झाली. माझं आपलं मत असं की मधली तक्रार अजून पुरती विरलेली नाही. ‘काय चुकलामाकला आसात तर माफ कर’ असं गाऱ्हाण्यात येतं तेव्हा चुकणाऱ्याचं नाव न घेता सगळा गाव त्याच्याकडे बघत असतो! निंदा आणि आशीर्वाद एकाच शब्दात असलेला रोस्टचा याहून चांगला साचा मला तरी दाखवा.

तर मामांसाठी असं म्हणा :

‘बा देवा म्हाराजा!’ (व्हय म्हाराजा.) ‘आज आमच्या मामांका साठ वर्सां झाली.’ (व्हय म्हाराजा.) ‘ह्या तालुक्यात मामांपेक्षा चिकट असो एकच माणूस उरलेलो आसा.’ (व्हय म्हाराजा.) ‘तेका शंभर वर्सां औक्ष दी रे म्हाराजा!’

तिसऱ्या ‘व्हय म्हाराजा’ची गंमत लक्षात घ्या. लोक सवयीने हो म्हणून मोकळे होतात आणि मग कळतं की आपण मामांच्या चिकटपणावर शिक्कामोर्तब केलं. शिवाय भाच्याने मामांना तोंडावर काही म्हटलेलं नाही. बोलणं देवाशी चाललंय, मामा वाक्यात तिसरे आहेत. ‘तुम्ही कंजूष’ हे भाच्याच्या तोंडी उद्धटपणाचं, तेच देवाला सांगितलं की लाडाचं. तुमच्या मूळ वाक्यात ‘मामा, तुम्ही’ होतं, ते मला ‘आशा करा’पेक्षाही जास्त खटकलं.

हशा शेवटच्या ‘औक्ष दी’ला यायला हवा. ‘एकच माणूस’लाच आला तर समजा की तुम्ही तिथे स्वतःच हसलात किंवा फार रेंगाळलात. पुढचं वाक्य मग वाया जातं. आणि कोणी हसलं नाही तर ‘म्हणजे मामांचा दुसरा नंबर’ असं फोड करून सांगू नका, पुढचं गाऱ्हाणं घाला.

देवाचं नाव घेऊ नका, नुसतं ‘देवा’. ग्रामदेवतेचं नाव घेतलंत की ते खरं गाऱ्हाणं होतं, आणि म्हाताऱ्यांना थट्टा रुचत नाही. श्रोते अलिबागकडचे असतील तर ‘व्हय म्हाराजा’ आपोआप येईल असं धरून चालू नका, दोन भाचे आधी पढवून ठेवा. आणि मामा खरोखर ओढगस्तीत असतील तर चिकटपणाला हातच लावू नका. ज्याच्याकडे आहे आणि तरी सुटत नाही, त्याचीच थट्टा होते. तसं असेल तर त्यांचं घोरणं घ्या, साचा तोच : ‘मामांपेक्षा मोठ्यान घोरणारो एकच’. यातही औक्ष दुसऱ्यालाच मागायचं.

मामींना मात्र आधी सांगून ठेवा आणि पहिला ‘व्हय म्हाराजा’ त्यांच्याकडून घ्या. मागच्या खेपेला त्या आत गेल्या होत्या, या खेपेला सगळ्यात मोठा आवाज त्यांचाच येईल. साठ वर्षांतली निम्मी तरी त्यांनीच मामांकडून बाजाराचे पैसे मागण्यात घालवली असतील.