बँकेच्या चुकीने हप्ता परत गेला, दंड परत कसा मागू?

"खात्यात पैसे असूनही ५ तारखेचा हप्ता बाउन्स झाला, ५९० रुपये कापले. राजारामपुरी शाखेत काय लिहून देऊ?"

आधी हप्ता परत जाण्याचं कारण लेखी मागा. सगळं त्यावरच ठरतं. ‘अपुरी शिल्लक’ लिहिलं असेल, तर ५ तारखेची शिल्लक दाखवणारं स्टेटमेंट जोडा. अर्जात मॅन्डेटचा, म्हणजे हप्ता आपोआप कापायला दिलेल्या परवानगीचा, यूएमआरएन क्रमांक द्या आणि नेमकं मागा: ५०० रुपये दंड, त्यावरचा ९० रुपये जीएसटी, शिवाय कर्ज देणाऱ्या कंपनीने लावलेला बाउन्स दंड. हा दुसरा दंड लोक हमखास विसरतात. चूक बँकेची असल्याचं पत्रही घ्या. सिबिलमधली नोंद दुरुस्त करायला कंपनी तेच मागेल. पोच शिक्क्यासह घ्या. ३० दिवसांत दाद मिळाली नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा.